मेलच्या तळाचं ‘अनसबस्क्राइब’: दाबायचं कधी, सोडायचं कधी

सांगलीच्या मार्केट यार्डात तात्यांची हळदीची अडत आहे आणि त्यांच्या जीएसटीचं काम माझ्याकडे असतं. सौदे आटोपले की कधीमधी ते माझ्या विश्रामबागेतल्या ऑफिसात टेकतात. परवा आले ते फोन पुढे करतच.

“हे बघ की जरा. रोज पंचवीस-तीस मेल येत्यात. आठ दिवस झालं, प्रत्येकाच्या खाली जाऊन ते बंद करायचं दाबतोय, तर आणखीनच वाढल्यात. वर कर्ज पाहिजे का म्हणून फोन सुरू झाल्यात ते वेगळंच.”

मी मेल उघडून बघितले. तात्यांनी दिसेल त्या मेलमधलं अनसबस्क्राइब दाबलं होतं. निम्म्या ठिकाणी ते बरोबर होतं आणि त्या कंपन्यांचे मेल थांबलेही होते. उरलेल्या ठिकाणी मात्र पाठवणाऱ्याला एवढंच कळलं होतं, की हा पत्ता चालू आहे आणि इथला माणूस लिंक दाबतो. एका पानावर तर “खात्री करण्यासाठी मोबाइल नंबर टाका” असं होतं, आणि तात्यांनी तो टाकला होता. फोन त्यामुळेच सुरू झाले हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण शंका तिथेच जाते.

मला काळजी वेगळीच होती. जीएसटीची सूचना, बँकेचं स्टेटमेंट, विम्याची आठवण, सगळं याच पत्त्यावर येतं. जाहिरातींच्या ढिगात एखादी नोटीस बुडाली तर दंड तात्यांना आणि बोलणी मला. म्हणून तासभर बसून आम्ही तो मेलबॉक्स साफ केला. ज्या क्रमाने केला त्याच क्रमाने इथे लिहितोय.

पहिली पायरी: लिंक नंतर, आधी पाठवणारा

बहुतेक जण थेट तळाशी जाऊन लिंक खरी की खोटी ते शोधू लागतात. माझा अनुभव असा, की दहातल्या आठ मेलचा निकाल लिंक न बघताच लागतो. प्रश्न एकच विचारायचा: यांना मी माझा पत्ता कधी दिला होता का?

तात्यांच्या फोनमधला एक मेल कपड्यांच्या दुकानाचा होता. दिवाळीच्या खरेदीला बिल करताना सूनबाईंनी तिथे मेलचा पत्ता सांगितला होता. म्हणजे ओळखीचा. दुसरा होता ‘मंजूर झालेल्या कर्जा’चा. त्या नावाच्या कंपनीशी तात्यांचा कधी संबंधच आला नव्हता. जे आपण सुरूच केलं नाही ते बंद करायला जायचं कशाला? अशा मेलमधली लिंक तपासत बसायचीच नाही, तो सरळ शेवटच्या पायरीला न्यायचा.

तिसरा प्रकार जरा अवघड: नाव ओळखीचं, पण मेल भलत्याचाच. मेलमध्ये वर जे ठळक नाव दिसतं ते पाठवणारा त्याला हवं ते लिहू शकतो. बँकेचं नाव लिहिलं म्हणून मेल बँकेचा होत नाही. खरा पत्ता बघायचा तर जीमेलमध्ये मेल उघडून नावाखालच्या `to me` शेजारचा छोटा बाण दाबा. तिथे `From`पुढे पूर्ण पत्ता येतो. त्यात `@` नंतर जे आहे ते, म्हणजे डोमेन, तेवढंच बघायचं, आधीच्या भागात काहीही लिहिता येतं. नाव मोठ्या कंपनीचं आणि पत्ता मात्र साध्या `@gmail.com`चा असेल, तर त्या मेलमधल्या कुठल्याही लिंकच्या वाटेला जाऊ नका.

कॉम्प्युटरवर आणखी एक सोय आहे. मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर `Show original` म्हणून पर्याय असतो. त्यात SPF, DKIM आणि DMARC या तीन ओळींपुढे `PASS` लिहिलेलं असेल, तर मेल खरोखरच त्या डोमेनवरून आला असं समजावं. पण इथे अनेकांचा घोटाळा होतो. `PASS`चा अर्थ ‘माणूस भला’ असा होत नाही, ‘सांगतोय तो पत्ता त्याचाच आहे’ एवढाच होतो. भामट्याने स्वतःचं डोमेन विकत घेऊन त्यावरून मेल पाठवला, तर तिन्ही ठिकाणी `PASS` येतं. कर्जाच्या त्या मेललाही आलं होतं. ओळखीच्या डोमेनपुढे `PASS` नसेल तर मात्र सावध व्हा.

दुसरी पायरी: तळाची लिंक सोडा, वरचं बटण बघा

पाठवणारा ओळखीचा निघाला तरी मेलच्या तळापर्यंत जायची गरज बहुधा पडत नाही. जीमेलमध्ये मेल उघडल्यावर पाठवणाऱ्याच्या नावापाशी किंवा वरच्या तीन टिंबांच्या यादीत `Unsubscribe` असा शब्द दिसतो. याहू आणि आउटलूकमध्येही तशीच सोय आहे. हे बटण मेलच्या मजकुरातलं नव्हे, ते तुमचं मेल अ‍ॅप दाखवतं. तळाच्या लिंकमध्ये आणि यात फरक पडतो तो इथेच.

ते चालतं कसं, हे थोडं समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक मेलच्या डोक्यावर आपल्याला न दिसणाऱ्या काही ओळी असतात. त्यांतच पाठवणारा लिहून ठेवतो, की यादीतून नाव काढायचं असेल तर विनंती कुठे पाठवायची:

```
List-Unsubscribe: <https://u.news.example.com/x/7Qd91>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

पहिली ओळ जुनी, १९९८ पासूनची. दुसरी २०१७ मध्ये आली आणि तिच्यामागचं कारण मजेशीर आहे. कंपन्यांच्या ऑफिसांतली सुरक्षेची सॉफ्टवेअर्स आलेल्या मेलमधल्या लिंका आपण होऊन उघडून तपासायची. त्यात अनसबस्क्राइबची लिंकही उघडली जायची आणि माणसाला पत्ता नसताना त्याचं नाव यादीतून उडायचं. म्हणून असं ठरलं, की नुसती लिंक उघडून काही होणार नाही, त्या पत्त्यावर ‘One-Click’ अशी वेगळी विनंती पाठवली तरच नाव निघेल. ती विनंती जीमेल तुमच्या वतीने पाठवतं. तुमच्या फोनचा ब्राउझर उघडत नाही, समोर पान येत नाही, त्यामुळे कुणी काही भरायला सांगायचा प्रश्नही उरत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याने जाहिरातीच्या मेलमध्ये ही एका टिचकीची सोय द्यायचीच, आणि विनंती आल्यावर दोन दिवसांत मेल थांबवायचे. त्यामुळे देशभर दुकानं असलेल्या कंपनीच्या नावाने जाहिरात आली आणि वर बटणच नाही, तर थोडं थबकावं. गणपती पेठेतल्या एखाद्या दुकानदाराने दोन-तीनशे गिऱ्हाइकांना मेल पाठवला असेल, तर त्याला हा नियम लागत नाही. त्याच्या मेलवर बटण नसलं म्हणून तो लगेच लबाड ठरत नाही.

बटण दाबल्यावर एक छोटी चौकट येते, ती नीट वाचा. त्यात नुसतं `Unsubscribe` असेल तर दाबून मोकळे व्हा. `Go to website` असेल तर त्याचा अर्थ असा, की पाठवणाऱ्याने एका टिचकीची सोय दिलेली नाही आणि आता तुम्हाला त्याच्या पानावर जावं लागणार. म्हणजे गाडी पुन्हा लिंकपाशीच आली. तात्या ही चौकट न वाचताच पुढे जात होते. घाईत सगळेच जातात.

जुलै २०२५ पासून जीमेलने आणखी एक सोय आणली, आणि तात्यांच्या बाबतीत खरं काम तिनेच केलं. डावीकडच्या मेन्यूत `Manage subscriptions` बघा. तिथे तुम्हाला नियमित मेल पाठवणाऱ्यांची यादी येते, जास्त पाठवणारे वर, आणि प्रत्येकापुढे बंद करायची सोय. मेल उघडायचीही गरज नाही. ओळखीच्या अकरा कंपन्या आम्ही तिथूनच दहा मिनिटांत काढल्या.

मध्येच तात्यांनी हात धरला. “आरं, बँकेचं स्टेटमेंट बंद व्हायचं न्हवं यानं?” प्रश्न बरोबर होता. जाहिरातीची यादी आणि बिलं, पावत्या, ओटीपी हे साधारणपणे वेगळं ठेवलेलं असतं, एक बंद केल्याने दुसरं थांबायला नको. तरीही बँक आणि सरकारी खात्यांच्या मेलना मी या सफाईत हातच लावत नाही. बँकेच्या जाहिराती नको असतील तर बँकेचं अ‍ॅप किंवा नेटबँकिंग स्वतः उघडून तिथल्या सेटिंगमधून बंद कराव्यात.

तिसरी पायरी: दाबायचीच असेल तर लिंक आधी वाचा

पाठवणारा ओळखीचा आहे, वर बटण नाही, किंवा चौकट `Go to website` म्हणतेय. आता लिंक कुठे नेणार ते बघायचं. कॉम्प्युटरवर माउसचा बाण लिंकवर नुसता ठेवला, की पूर्ण पत्ता खाली डाव्या कोपऱ्यात उमटतो. फोनवर लिंकवर बोट टेकवून दाबून धरायचं. पत्ता आणि ‘कॉपी करा’ वगैरे पर्याय येतात. आयफोनवाल्यांनी इथे जपावं. तिथे दाबून धरल्यावर कधीकधी पानाची झलक दिसते, म्हणजे ते पान उघडलेलंच असतं. झलकेपाशी `Hide preview` दिसलं तर ते दाबून ठेवा, पुढच्या वेळेपासून नुसता पत्ता दिसेल.

पत्ता वाचायचा कसा? पाकिटावरचा पत्ता आठवा. घर नंबर, गल्ली, पेठ, गाव, तालुका आणि सगळ्यात शेवटी जिल्हा. पोस्टातला माणूस आधी शेवटची ओळ बघतो. सुरुवातीला कुणी ‘सांगलीवाले बंगला’ लिहिलं आणि शेवटी जिल्हा नागपूर, तर पत्र नागपूरलाच जाणार. लिंकचंही तसंच. `https://` नंतर पहिली तिरकी रेघ `/` जिथे येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे वाचा. रेघेच्या लगेच डावीकडचे दोन तुकडे म्हणजे मालक. `.co.in`सारखा शेवट असेल तर तीन तुकडे.

खरी नावं काढून तात्यांच्या फोनमधल्या दोन लिंकांसारख्या दोन लिंका खाली देतो. दुकानाचं खरं डोमेन `example.com` आहे असं धरा.

```
https://click.news.example.com/u/stop?id=7Qd91
https://example.com.mailstop.example.net/u/stop?id=7Qd91
```

पहिलीत पहिल्या रेघेच्या डावीकडे `example.com`. त्याआधीचे `click.news` हे त्याच घरातले खोल्यांचे दरवाजे. ही लिंक दुकानाचीच. दुसरीत `example.com` दिसतं, तेही अगदी सुरुवातीला, नजर पडते तिथेच. पण रेघेच्या डावीकडे `example.net` आहे, आणि पान त्याच्या मालकाकडे जातं. पुढचं `example.com` म्हणजे तो ‘सांगलीवाले बंगला’. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्त्याची सुरुवातच तेवढी दिसते, भामट्यांना हे पक्कं माहीत असतं. पत्ता अर्धवट दिसत असेल तर कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा आणि शेवटपर्यंत वाचा.

हायफनलाही फसू नका. `dukan.example` आणि `dukan-offers.example` ही दोन वेगळी घरं आहेत. घराची भिंत टिंबाने उभी राहते, हायफनने नाही. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक बरं केलं आहे, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत संकेतस्थळं `.bank.in` या शेवटावर न्यायला बँकांना सांगितलं. हा शेवट बाहेरच्या कुणालाही विकत मिळत नाही. पण तो पहिल्या रेघेला चिकटून असायला हवा. `bank.in` मधेच कुठेतरी आणि शेवट भलताच, तर तो वरचाच डाव.

आता खरी गुंतागुंत. डोमेन वेगळं दिसलं म्हणजे लिंक खोटीच, असंही नाही. बरीच दुकानं, क्लासेस, संस्था स्वतः मेल पाठवत नाहीत, ते काम मेल पाठवणाऱ्या सेवांना देतात. मेलचिंपवरून आलेल्या मेलमधली लिंक `list-manage.com`वर जाते, सेंडग्रिडवाल्याची कधीकधी `sendgrid.net`वर. मिरजेच्या एका संगीतसभेचे मेल मला येतात, त्यांची लिंक अशीच परक्या नावाची आहे आणि ती अगदी खरी आहे. पण या सेवा कुणीही पैसे भरून किंवा फुकट वापरू शकतो, त्यामुळे लिंकेत `list-manage.com` दिसणं हे चांगुलपणाचं प्रमाणपत्रही नाही. म्हणून मी पहिल्या पायरीवर एवढा अडून बसतो. पाठवणारा ओळखीचा आणि लिंक माहितीतल्या सेवेची, तर दाबायला हरकत नाही. पाठवणारा अनोळखी असेल तर लिंक कितीही साजूक दिसली तरी सोडायची.

काही लिंका मात्र वाचल्या वाचल्या सोडून द्याव्यात. नावाऐवजी नुसते आकडे असलेला पत्ता, किंवा `bit.ly`सारखी आखूड केलेली लिंक. यादी सांभाळणाऱ्या खऱ्या सेवेला अनसबस्क्राइबची लिंक झाकायचं काही कारण नसतं.

आणखी एक खूण मला कर्जाच्या मेलमध्ये सापडली. ‘आत्ताच अर्ज करा’ हे मोठं निळं बटण मी दाबून धरलं आणि पत्ता बघितला. मग तळाचं बारीक अक्षरातलं ‘Unsubscribe’ दाबून धरलं. दोन्हीकडे हुबेहूब तोच पत्ता, अक्षर न् अक्षर. मजकुराच्या मध्ये कुठेही बोट ठेवलं तरी तोच. म्हणजे अख्खा मेल हे एकच चित्र होतं आणि त्यावर एकच लिंक ताणून बसवली होती. ‘बंद करा’ हे शब्द नुसते रंगवलेले. खऱ्या मेलमध्ये दोन्ही लिंका एकाच डोमेनच्या असू शकतात, पण रेघेपुढचा भाग वेगळा असतो, कारण एक माल दाखवायला आणि दुसरी नाव काढायला नेते.

चौथी पायरी: पान उघडल्यावर काय मागतं ते बघा

यादीतून नाव काढायला पाठवणाऱ्याला फक्त तुमचा मेलचा पत्ता लागतो, आणि तो बहुधा लिंकच्या त्या `id=7Qd91` मध्ये आधीच ओळखलेला असतो. म्हणून खऱ्या पानावर फार तर पत्ता दिसतो, ‘कोणते मेल नकोत’ अशा एक-दोन खुणा असतात, का सोडताय असा एक प्रश्न असतो (उत्तर दिलं नाही तरी चालतं) आणि एक बटण. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यातही हेच आहे: मेलचा पत्ता आणि पसंती यांपलीकडे माहिती मागायची नाही, पैसे मागायचे नाहीत, एका पानात काम संपवायचं, आणि दहा कामकाजी दिवसांत मेल थांबवायचे. तो कायदा आपल्याकडच्या कंपन्यांना लागू नसला, तरी मेल पाठवणाऱ्या मोठ्या सेवा बऱ्याच अंशी तिकडच्या असल्याने त्यांची पानं याच साच्यातली असतात.

पानाने मेलचा पासवर्ड, ओटीपी, मोबाइल नंबर, पॅन किंवा कार्डाचा नंबर मागितला, तर तिथेच मागे फिरा. एखादी फाइल किंवा अ‍ॅप उतरवायला सांगितलं तरी तेच. आणखी एक आडवळणी मागणी असते: “तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला `Allow` दाबा.” ते दाबलं की त्या साइटला तुमच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. मेल थांबतच नाहीत आणि पडद्यावर जाहिराती पडायला लागतात. तात्यांच्या फोनमध्ये अशा दोन साइट बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं फोनलाच काहीतरी लागलंय.

लॉगिन मागणारं पान तेवढं वेगळं तोलावं लागतं. काही चांगल्या कंपन्याही ‘आधी लॉगिन करा, मग पसंती बदला’ म्हणतात. त्रासदायक आहे, पण लबाडीच असेल असं नाही. तरी मेलमधून उघडलेल्या पानावर पासवर्ड टाकायचा नाही. पान बंद करा, त्या कंपनीचं अ‍ॅप आपल्या हाताने उघडा आणि सेटिंगमधून जाहिरातीचे मेल बंद करा.

पाचवी पायरी: लिंक न दाबता सुटका

अनोळखी मेलला पहिला उपाय म्हणजे स्पॅम म्हणून कळवणं. मेल निवडा आणि `Report spam`. जीमेल कधीकधी विचारतं, की नुसतं स्पॅम म्हणू की सोबत अनसबस्क्राइबही करू. अनोळखी पाठवणाऱ्याला नुसतं स्पॅम म्हणा, त्याला आपण आहोत हे कळवायची गरज नाही. उलट, ओळखीच्या दुकानाचा कंटाळा आला म्हणून त्याला स्पॅम म्हणू नका. उद्या त्याच दुकानाची पावती किंवा वॉरंटीचा मेल आला तर तोही स्पॅममध्ये जाऊन पडेल.

`Block` म्हणजे त्या एका पत्त्याचे पुढचे मेल स्पॅममध्ये टाकणं. एकाच पत्त्यावरून चिकाटीने लिहिणाऱ्याला हे बरोबर लागू पडतं. रोज नवा पत्ता काढणाऱ्याला त्याचा काही फरक पडत नाही. पत्त्याचा पुढचा भाग बदलत असेल पण `@` नंतरचा तोच राहत असेल, तर फिल्टर लावा. हे कॉम्प्युटरवरच करावं लागतं. जीमेलच्या शोधचौकटीत असं टाका:

```
from:(example.net)
```

शोधाचे पर्याय उघडून `Create filter` दाबा आणि `Skip the Inbox (Archive it)` निवडा, सोबत ‘जाहिरात’ असं एक लेबल द्या. `Delete it` एकदम लावू नका. आठवडाभर त्या लेबलात काय पडतंय ते बघा, कामाचं काही सापडलं नाही तर मग पुसायला लावा. काही जण ‘ज्या मेलमध्ये unsubscribe हा शब्द आहे ते सगळे पुसा’ असा फिल्टर सुचवतात. मी तो एका गिऱ्हाइकाला लावून दिला होता आणि त्याची विम्याच्या हप्त्याची आठवण त्यात गेली, कारण तळाला तो शब्द होता. चूक माझीच. तेव्हापासून त्या शब्दावर मी लेबल लावतो, पुसत नाही.

पुढच्यासाठी एक युक्ती. दुकानात किंवा साइटवर पत्ता द्यायची वेळ आली तर जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह लावून शब्द जोडता येतो: `तुमचंनाव+dukan@gmail.com`, म्हणजे आपलं इंग्रजीतलं नाव आणि त्यापुढे `+dukan`. मेल नेहमीच्याच खात्यात येतो, पण कुणाला दिलेला पत्ता वापरून आला ते कळतं. कर्जाच्या मेलवर `+dukan` दिसलं तर पत्ता कुठून गळला ते समजतं, आणि त्या एका पत्त्यावर फिल्टर लावून गोष्ट मिटवता येते. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेतच नाहीत, तिथे इलाज नाही.

ट्रायचं डीएनडी इथे उपयोगी पडेल का, असं बरेच जण विचारतात. १९०९ ची ती सोय फोन आणि एसएमएससाठी आहे, मेलला ती लागत नाही. तात्यांच्या कर्जाच्या फोनसाठी मात्र ती आम्ही लगेच करून टाकली.

आधीच दाबून बसला असाल तर

नुसती लिंक दाबली आणि पान बंद केलं, तर घाबरण्याचं फारसं कारण नाही. तुमचा पत्ता चालू आहे हे त्यांना कळलं, मेल थोडे वाढतील, ते स्पॅममध्ये टाकत राहा. नोटिफिकेशनला `Allow` दिलं असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये `Site settings`, तिथे `Notifications`, आणि अनोळखी साइट काढून टाका. पासवर्ड दिला असेल तर त्या लिंकवरून न जाता स्वतः साइट उघडून तो लगेच बदला, तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला आहे तिथेही, आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. अ‍ॅप उतरवून बसवलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा `cybercrime.gov.in`वर तक्रार करा, तिथे वेळेला फार किंमत असते.

चार दिवसांनी तात्या पुन्हा आले. मेल दिवसाला सहा-सातवर आले होते, आणि त्यांतला एक रिटर्न भरायची आठवण करून देणारा, वरच दिसत होता. पण चेहरा काही खूश नव्हता.

“ते हळदीच्या भावाचं पत्रक यायचं रोज सकाळी, ते कुठं गेलं?”

यादी भराभर साफ करताना तेही माझ्या हातून उडालं होतं. अनसबस्क्राइब मागे घ्यायचं बटण शोधत बसण्यात अर्थ नव्हता. त्या पत्रकाची साइट आम्ही नाव टाइप करून उघडली, तात्यांचा पत्ता पुन्हा नोंदवला, या वेळी `+bhav` लावून.

“पुढच्या बारीला विचारून दाब की रं,” तात्या म्हणाले.